हमीत न बसणारी जळालेली मोटार : नकार आणि दुरुस्ती

विंधन विहिरीतील पाणबुडी पंपाची मोटार विकत घेऊन पाच-सहा महिने होतात न होतात तोच ती जळते, आणि तीही बहुधा उन्हाळी पिकाला पाण्याची निकड असतानाच. शेतकरी मोटार वर काढून दुकानात नेतो. दोन दिवसांनी त्याला सांगण्यात येते की, "ही हमीत बसत नाही." का बसत नाही हे त्याला कोणी दाखवीत नाही, आणि दाखविलेच तर ते त्याला उमगेल अशा भाषेत नसते. शेतकऱ्यास वाटते की कंपनीने फसविले. दुकानदारास वाटते की शेतकरी निष्कारण हट्ट करीत आहे. पीक वाळू लागलेले असते. त्यामुळे वाद तसाच टाकून शेतकरी घाईने मोटार भरून घेतो. मोटार भरताना जुनी गुंडाळणी उपसून टाकावी लागते आणि तिच्याबरोबर सर्व पुरावाही जातो. पुढे तो नकार बरोबर होता की चूक, हे कोणालाच ठरविता येत नाही.

हमी नाकारणे हे नेहमीच अन्यायाचे असते असे नाही. पुष्कळदा तो नकार योग्य असतो. परंतु योग्य नकारही दाखवून, लिहून आणि पुढचा मार्ग सांगून दिला पाहिजे. तसा तो दिला जातो की नाही, हे पाहण्याच्या कामी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचा शेतकऱ्यास मोठा उपयोग होऊ शकतो; मात्र त्याकरिता जळालेली गुंडाळणी वाचता आली पाहिजे.

हमी कशाची असते

मोटारीच्या कारखानदाराने दिलेली हमी ही त्याच्या मालाची व कारागिरीची असते. तांब्याच्या तारेवरील वेष्टण सदोष होते, मोटारीत विहिरीचे पाणी शिरू न देणारे सील नीट बसविले नव्हते, बुश किंवा खालचा बेअरिंग खराब निघाला, अशा दोषांची भरपाई कारखानदार करतो. तो भाग दुरुस्त करून देतो किंवा बदलून देतो. मोटार त्याच्या हातून सुटल्यावर विजेच्या तारेत, स्टार्टरात किंवा विहिरीच्या पाण्यात जे घडते त्याची हमी त्याने घेतलेली नसते.

शेतकऱ्यांचा गोंधळ होतो तो नेमका येथे. "रात्री एक फेज गेली, त्यात माझा काय दोष?" असा प्रश्न विचारला जातो, आणि तो रास्तही आहे. पण हमीचा निर्णय शेतकऱ्याच्या दोषादोषावर होत नाही. शेतकऱ्याचा काडीमात्र अपराध नसतानाही नुकसान हमीबाहेरचे असू शकते, कारण ते कारखानदाराच्या मालातून उद्भवलेले नसते. कोणाच्याही दोषावाचून झालेल्या नुकसानीची भरपाई हे विम्याचे काम आहे, हमीचे नव्हे. दुकानदाराने ही गोष्ट शांतपणे सांगितली तर निम्मे भांडण तेथेच मिटेल. त्याऐवजी "तुम्हीच मोटार जाळली" असे जे म्हटले जाते, ते अनावश्यक असते आणि पुष्कळदा असत्यही असते.

बहुतेक पंपांच्या हमीची मुदत विक्रीच्या दिनांकापासून 12 महिने अथवा कारखान्यातून माल निघाल्यापासून 18 महिने, यांपैकी जी आधी संपेल ती, अशी असते. म्हणजे दुकानात वर्षभर पडून राहिलेला पंप घेतल्यास शेतकऱ्याच्या वाट्याला सहाच महिने उरतात. खरेदीच्या वेळी पंपाच्या पट्टीवरील उत्पादनाचा महिना व वर्ष पाहून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे. कोरडा चाललेला पंप, कमी दाबाची वीज, एक फेज जाणे, वाळूमुळे झालेली झीज, अपुऱ्या जाडीची केबल आणि परस्पर उघडलेली मोटार, ही कारणे सामान्यतः हमीपत्रात स्पष्टपणे वगळलेली असतात. मोटार वर काढण्याचा व पुन्हा सोडण्याचा खर्चही बहुधा हमीत नसतो. मोटार हमीत बसली तरी तो शेतकऱ्यासच सोसावा लागतो. तथापि प्रत्येक कंपनीचे हमीपत्र निराळे असते. म्हणून शेजाऱ्याच्या पंपाच्या आधारे वाद घालण्यात अर्थ नाही. आपल्याजवळचे पत्र वाचावे.

जळालेली गुंडाळणी काय सांगते

मोटार काढण्यापूर्वीच एक तपासणी करून घ्यावी. केबलची तीन टोके स्टार्टरापासून सोडवून वायरमनकडून पहिल्या-दुसऱ्या, दुसऱ्या-तिसऱ्या व तिसऱ्या-पहिल्या टोकांमधील विद्युतरोध मोजून घ्यावा. निरोगी मोटारीत हे तिन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात. एखाद्या जोडीत तार तुटल्यासारखा आकडा आला तर दोष मोटारीत नसून केबलच्या जोडातही असू शकतो. जोडात पाणी शिरल्याने पंप बंद पडला असता मोटारच जळाली असे समजून ती दुकानात नेल्याचे प्रकार थोडे नाहीत. हे आकडे कागदावर लिहून ठेवावेत.

मोटार उघडल्यावर स्टेटर, म्हणजे ज्याच्या खाचांत तारेची गुंडाळणी बसविलेली असते तो स्थिर भाग, बाहेर दिसतो. तीन फेजच्या मोटारीत तीन गुंडाळण्या असतात आणि त्यांची वेटोळी एकाआड एक अशी वर्तुळात मांडलेली असतात. पाणबुडी मोटारीत ही तार सामान्यतः प्लॅस्टिकच्या वेष्टणाची असून पाण्यातच बुडालेली असते. पीव्हीसीचे वेष्टण सुमारे 70 अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. त्यापुढे ते मऊ पडते, चिकटते आणि शेवटी तारेला तार लागते. कोणती वेटोळी बिघडली व कोणती शाबूत राहिली, यावरून मोटार कशाने जळाली हे ओळखता येते.

एक फेज गेल्याची खूण सर्वांत स्पष्ट असते. गुंडाळण्या स्टार पद्धतीने जोडलेल्या असतील तर दोन गुंडाळण्या काळ्या पडतात आणि तिसरी नव्यासारखी राहते. डेल्टा पद्धतीच्या जोडणीत याच्या उलट, एक काळी व दोन चांगल्या, असे दिसते. वर्तुळात ही काळी व उजळ वेटोळी ठरावीक अंतराने येतात. जणू कोणी मोजून पट्टे काढले आहेत. अशी ठरावीक नक्षी कारखान्यातील दोषामुळे सहसा पडत नाही. तार निकृष्ट असती तर ती नेमक्या दोनच फेजांत निकृष्ट का असावी?

तिन्ही गुंडाळण्या सारख्याच काळवंडल्या असतील तर मोटारीवर सर्व बाजूंनी भार आला असे समजावे. विजेचा दाब फार कमी असणे, पंप वाळूने अडकणे किंवा विहिरीतील पाणी संपून पंप कोरडा चालणे, यांपैकी काहीतरी घडलेले असते. अशा वेळी केवळ मोटार पाहून निर्णय देऊ नये, पंपही उघडावा. कोरडा चाललेला असल्यास आतले प्लॅस्टिकचे पंखे उष्णतेने वाकडे झालेले अगर चिकटलेले आढळतात आणि रबरी बुश करपलेले असतात. वाळूचा पंप असेल तर पंख्यांच्या गळ्याशी व बुशांवर ओरखडे आणि झीज दिसते. पंप स्वच्छ, स्टार्टर ठीक आणि तरीही तिन्ही गुंडाळण्या काळ्या, असे असेल तर "कोरडा चालला" हे उत्तर तसेच मान्य करण्याचे कारण नाही.

याहून निराळी खूण म्हणजे एकाच जागी पडलेले छिद्र. एखाद्या खाचेच्या तोंडाशी तारेचे वेष्टण फाटून ठिणगी पडलेली असते आणि बाकीची सर्व गुंडाळणी उजळ, लवचीक व मूळ रंगाची असते. हा वेष्टणाचा किंवा तार भरण्याच्या कामाचा दोष असण्याचा संभव मोठा असतो. वीज पडल्याने किंवा दाब एकाएकी उसळल्यानेही असे छिद्र पडू शकते, त्यामुळे येथे खातरीने बोलता येत नाही. परंतु अशा प्रकरणी हमी नाकारणाऱ्याने नाकारण्याचे कारण सिद्ध करून दाखविले पाहिजे. मोटारीत गाळ शिरलेला असेल तर सील पाहावे. सील मुळातच बरोबर बसलेले नसेल तर तो प्रश्न कारखानदाराचा आहे.

एका प्रकरणाचा तपशील

सोलापूर जिल्ह्यातील एका डाळिंब बागाइतदाराचे उदाहरण घेतल्यास हे अधिक स्पष्ट होईल. त्याने नोव्हेंबरात 5 अश्वशक्तीचा तीन फेजचा पाणबुडी पंप घेऊन 240 फुटांवर सोडला. मोटारीच्या पट्टीवर पूर्ण भाराचा प्रवाह 9 अँपिअर असा लिहिलेला होता. एप्रिलात एका सकाळी पंप बंद आढळला. आदल्या रात्री दहा वाजता वीज येताच ऑटो स्विचने तो आपोआप सुरू केला होता. मालक घरी झोपलेला होता.

सेवा केंद्रात स्टेटर त्याच्यासमोर उघडण्यात आला. जोडणी स्टारची होती. दोन गुंडाळण्यांचे वेष्टण वितळून काळे झालेले आणि तिसरी गुंडाळणी हिरवीगार, होती तशी. पंप मोकळा फिरत होता, पंखे चांगले होते. मग केंद्राच्या कारागिराने शेतावर जाऊन स्टार्टर पाहिला. फेज गेल्यास मोटार बंद करणारे उपकरण बसविलेले होते, पण त्याला बगल देऊन सरळ तार जोडलेली होती. ते वारंवार मोटार बंद करते अशी तक्रार असल्याने गावातील वायरमनने फेब्रुवारीत ही व्यवस्था केली होती. ओव्हरलोड रिलेचा काटा 9 ऐवजी 14 वर होता. रोहित्रावरील एक फ्यूज त्या रात्री उडाला होता, हे शेजाऱ्यांकडूनही कळले.

काय घडले ते यावरून जुळविता येते. चालू मोटारीची एक फेज गेली म्हणजे मोटार थांबत नाही. उरलेल्या दोन फेजांवर तोच भार ओढीत राहते. त्यामुळे त्या दोन तारांतील प्रवाह सुमारे पावणेदोन पट होतो. 9 अँपिअरचे साडेपंधरा झाले. उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे ती तिप्पट झाली. रिले 9 वर असता तर एवढ्या प्रवाहाने तो काही मिनिटांत सुटला असता. तो 14 वर होता. साडेपंधरा हा आकडा 14 च्या जेमतेम 1.1 पट आहे, आणि असे रिले लावलेल्या आकड्याच्या 1.2 पट प्रवाह झाल्यावर दोन तासांच्या आत सुटतील अशा बेताने बनविलेले असतात. म्हणून रिले गप्प राहिला. उपकरणाला बगल दिलेली होती. अडविणारे कोणीच नव्हते.

ज्या वायरमनने तार जोडली त्यानेही ती दुष्टबुद्धीने जोडली नव्हती. उपकरण वारंवार मोटार बंद करते याचा अर्थ बहुतेक वेळा ओळीत खरोखरच दोष असतो. एखादा जोड सैल असतो किंवा एका फेजचा दाब पडलेला असतो. तो दोष शोधण्याऐवजी सांगणाऱ्याचे तोंड बंद करण्यात आले, इतकेच. वीज दोनच फेजांवर असताना कंडेन्सर लावून तीन फेजची मोटार चालविण्याची जी रीत पुष्कळ गावांत आहे, तिच्यामुळेही गुंडाळण्यांवर असाच असमान ताण येतो आणि हमीचा प्रश्न तेथेच संपतो.

या प्रकरणी हमी नाकारणे योग्य होते. बागाइतदाराला ते रुचले नाही, पण पटले. कारण उजळ राहिलेली तिसरी गुंडाळणी त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

नकाराचे पत्र

तोंडी नकारावर कोणीही समाधान मानू नये. दुकानदाराच्या हिताच्या दृष्टीनेही लेखी नकारच बरा, कारण कारणे स्पष्ट लिहिलेल्या पत्रावर वाद कमी होतो. वरील प्रकरणी द्यावयाचे पत्र साधारणतः पुढीलप्रमाणे असावे. त्यातील रकमा केवळ नमुन्यादाखल आहेत. त्या गावोगावी व कंपनीगणिक निराळ्या राहतील.

"आपण दिनांक 14 एप्रिल रोजी आणलेली 5 अश्वशक्तीची पाणबुडी मोटार दिनांक 16 एप्रिल रोजी आपल्या समक्ष उघडण्यात आली. मोटारीचा क्रमांक व खरेदीचा दिनांक सोबतच्या नोंदीत दिला आहे. मोटार हमीच्या मुदतीत आहे. तपासणीत तीनपैकी दोन फेजांची गुंडाळणी पूर्णपणे जळालेली व तिसरी शाबूत आढळली. दिनांक 17 रोजी आपल्या शेतावरील स्टार्टर पाहिला असता फेज-संरक्षक उपकरण जोडणीबाहेर असल्याचे व रिले 14 अँपिअरवर असल्याचे दिसून आले. यावरून मोटार एक फेज गेलेल्या स्थितीत चालल्याने जळाली असे आमचे मत झाले आहे. हमीपत्राच्या संबंधित कलमात हे कारण वगळलेले असल्याने ही दुरुस्ती विनामूल्य करता येत नाही, याबद्दल खेद वाटतो. छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

पंपाच्या भागात कोणताही बिघाड नाही व त्याची हमी मूळ मुदतीपर्यंत चालू राहील.

आपली इच्छा असल्यास मोटार पूर्ण तांब्याच्या तारेने भरून, सील बदलून व पाण्यात चाचणी घेऊन रुपये 7,800 मध्ये आठ दिवसांत देता येईल. या कामाची सहा महिने हमी राहील. जुन्या मोटारीच्या बदल्यात नवी मोटार रुपये 19,500 मध्ये, बारा महिन्यांच्या हमीसह, लगेच मिळू शकेल. दोन्ही रकमा कर धरून आहेत. दुरुस्ती नको असल्यास मोटार आहे त्या स्थितीत जोडून परत दिली जाईल. त्याचा आकार नाही. हे दर पंधरा दिवस कायम राहतील. आपला लेखी होकार मिळेपर्यंत गुंडाळणीला हात लावला जाणार नाही. हा निर्णय मान्य नसल्यास कंपनीच्या विभागीय कार्यालयाकडे पुनर्तपासणी मागता येईल."

या पत्रात शेतकऱ्यास दोष देणारा एकही शब्द नाही, हे ध्यानात घ्यावे. काय पाहिले, कोणासमक्ष पाहिले, त्यावरून काय निष्कर्ष काढला आणि तो हमीपत्रातील कोणत्या कलमाखाली येतो, एवढेच त्यात आहे. "ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे" यांसारखी वाक्ये छापील उत्तरात घालण्याची काही ठिकाणी सवय आहे. ती सोडलेली बरी. त्यांनी नकार बळकट होत नाही, माणूस मात्र दुखावतो. तसेच जो भाग हमीत राहतो तो आवर्जून लिहिला पाहिजे. एका भागाची हमी नाकारली म्हणजे सगळ्या पंपाची हमी गेली, असा समज उभय पक्षी आढळतो आणि तो चुकीचा आहे.

"लेखी होकार मिळेपर्यंत गुंडाळणीला हात लावला जाणार नाही", हे पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य होय. दुकानदाराने ते लिहिले नाही तर शेतकऱ्याने स्वतः लिहून द्यावे व त्याची पोच घ्यावी.

पैसे देऊन दुरुस्ती : कोणता पर्याय घ्यावा

बागाइतदारापुढे पत्रातील दोन पर्यायांखेरीज तिसराही एक होता. तालुक्याच्या गावातील कारागीर हीच मोटार रुपये 5,500 मध्ये भरून देण्यास तयार होता. म्हणजे सेवा केंद्रापेक्षा 2,300 रुपयांची बचत. ही बचत खरी की खोटी, हे पाहताना एक खर्च विसरला जातो. पंप 240 फुटांवरून वर काढण्यास व पुन्हा सोडण्यास त्याला दर खेपेस 4,000 रुपये पडत होते. भरलेली मोटार दोन महिन्यांत पुन्हा जळाली तर बचतीच्या जवळजवळ दुप्पट रक्कम केवळ काढण्या-सोडण्यात जाते, आणि ऐन हंगामात पाणी खंडते ते वेगळेच.

याचा अर्थ गावचा कारागीर वाईट असा मुळीच नव्हे. पुष्कळ कारागीर केंद्रापेक्षाही चोख काम करतात. मात्र त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात. मूळ तार कोणत्या नंबरची व प्रत्येक वेटोळ्यात किती वेढे होते, हे जुनी तार उपसताना मोजून लिहिणार काय? एक नंबर बारीक तार घातल्यास ती खाचेत सहज बसते व स्वस्तही पडते, पण मोटार त्याच भाराने अधिक तापते. तार पूर्ण तांब्याची व पाणबुडी मोटारीसाठी बनविलेल्या वेष्टणाची आहे काय? आणि भरलेला स्टेटर पाण्यात बुडवून, रात्रभर ठेवून, मेगरने मोजून दाखविणार काय? गुंडाळणी व मोटारीचे अंग यांमधील रोध पाण्यात 1 मेगओहमच्या खाली आल्यास ती मोटार विहिरीत सोडूच नये. चांगल्या नव्या गुंडाळणीचा आकडा याहून पुष्कळ वर असतो. या तिन्हींना समाधानकारक उत्तरे मिळाली व हमी बिलावर लिहून मिळाली, तर 5,500 रुपयांचा पर्याय वाजवी ठरतो. मात्र हमीची मुदत चालू असताना बाहेरच्या कारागिराने मोटार उघडली की मोटारीवरील कंपनीची उरलेली हमी संपते, हे धरून चालावे.

नवी मोटार कधी घ्यावी? स्टेटरच्या पोलादी पट्ट्या ठिणगीने वितळून एकमेकींना चिकटल्या असतील, फिरणारा गाभा घासला असेल किंवा मोटार यापूर्वी दोन-तीनदा भरलेली असेल, तर जुन्यावर खर्च करू नये. या बागाइतदाराची मोटार पाच महिन्यांची होती व पट्ट्या निर्दोष होत्या. तिला बदलण्याचे कारण नव्हते.

उपसलेल्या जुन्या तारेत काही किलो तांबे निघते. ते शेतकऱ्याच्या मालकीचे असते. ते परत घ्यावे किंवा त्याची रक्कम बिलातून वजा करून घ्यावी. याविषयी बोलणे दुरुस्तीपूर्वीच झालेले असावे.

नकार मान्य नसेल तेव्हा

गुंडाळणीवरील खुणा आणि पत्रातील कारण यांचा मेळ बसत नसेल, किंवा मोटार शेतकऱ्यासमक्ष उघडलीच नसेल, तर दुरुस्तीस होकार देऊ नये. उघड्या स्टेटरची चारी बाजूंनी, मोटारीचा क्रमांक दिसेल अशी छायाचित्रे काढावीत आणि कंपनीकडे पुनर्तपासणीची लेखी मागणी करावी. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. पुष्कळ प्रकरणे येथेच मिटतात.

तेथेही न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्ग 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिलेला आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. वस्तूची किंमत 5 लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. दोष पाहून ठरविता येण्यासारखा नसेल तर आयोग ती वस्तू प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठवू शकतो. शेती हा धंदा असल्याने शेतकरी हा ग्राहक होत नाही, असा युक्तिवाद कधी कधी ऐकू येतो. स्वतःच्या उपजीविकेसाठी वापरावयाच्या वस्तूला कायद्याने धंद्याच्या व्याख्येतून वगळले आहे, आणि बियाण्यांच्या प्रकरणात शेतकरी हा ग्राहकच होय असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली दिलेला आहे.

पण पिकाला पाणी हवे असते आणि आयोगाचा निकाल आठवड्यात लागत नाही. ही अडचण खरी आहे. अशा वेळी जळालेला स्टेटर तसाच बाजूला ठेवून दुसरा स्टेटर किंवा दुसरी मोटार घालता येते काय, हे पाहावे. खर्च वाढतो, पण पुरावा राहतो. तेही परवडत नसेल तर दोन पंचांसमक्ष गुंडाळणीचा पंचनामा करून, छायाचित्रे काढून, जुन्या तारेची वेटोळी न तोडता बांधून ठेवावीत आणि होकाराच्या कागदावर "हमीविषयीचा माझा हक्क राखून, केवळ पिकाच्या निकडीमुळे ही दुरुस्ती सशुल्क करून घेत आहे" असे लिहून सही करावी. कोऱ्या किंवा न वाचलेल्या होकारपत्रावर सही करू नये. "नकार मान्य आहे" असे वाक्य त्यात पुष्कळदा छापलेले असते.

सोलापूरच्या बागाइतदाराने केंद्राचा 7,800 रुपयांचा पर्याय घेतला आणि तांब्याची रक्कम वजा करून घेतली. मोटार सोडण्यापूर्वी केंद्राच्या कारागिराने फेज-संरक्षक उपकरण पुन्हा जोडले व रिले 9 वर आणला. तसे केल्याखेरीज दुरुस्तीची हमी लागू होणार नाही, असे बिलावर नमूद होते. उपकरण पूर्वी वारंवार का सुटत होते याचा शोध घेता स्टार्टराच्या मुख्य स्विचमधील एका फेजचा स्क्रू सैल व करपलेला आढळला. तो बदलण्यास शंभर रुपयेही लागले नाहीत. पंप सुरू करून तिन्ही तारांतील प्रवाह चिमटा-मीटरने मोजण्यात आला. तो 8.4, 8.6 व 8.5 अँपिअर भरला, आणि हे तीन आकडे दिनांकासह बिलाच्या पाठीवर लिहून कारागिराची सही घेण्यात आली.